एक मशीन विकलं आणि अख्खा ब्लॉक शून्य? घसाऱ्याचा हिशोब कोणी समजावेल का

गाळेवाला

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला माझा छोटा गाळा आहे, जॉबवर्क करतो, प्रोप्रायटरशिप माझ्याच नावावर. प्रश्न इन्कमटॅक्सचा आहे पण आमच्या अकाउंटंटने आणि माझ्या भाच्याने मिळून डोक्याची पार मंडई केलीय म्हणून इथे टाकतोय.

माझ्याकडे चार मशिनं होती, एक व्हीएमसी, दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर. सगळी 15 टक्के घसाऱ्याच्या एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे टॅक्सला सगळ्यांचा हिशोब एकत्र. 1 एप्रिल 2024 ला ब्लॉकची किंमत 6,40,000. जूनमध्ये एक कॉम्प्रेसर घेतला, जीएसटी सोडून 1,10,000 ला, तो लगेच चालू केला. डिसेंबरमध्ये व्हीएमसी विकलं. 2017 ला सेकंडहँड घेतलेलं, पण मधे कंट्रोलर नवा टाकलेला आणि स्पिंडल अजून ठणठणीत, त्यामुळे वसईच्या पार्टीने 9,20,000 दिले आणि वर जीएसटी. बिल झालं 10,85,600 चं. दलालाला 20,000 दिले आणि क्रेन, हमाली, गाळ्याचं शटर काढून परत बसवणं यात 15,000 गेले.

आता अकाउंटंट म्हणतो टॅलीमध्ये त्या व्हीएमसीची किंमत 3,50,000 उरलेली होती म्हणून 5,70,000 नफा, त्यावर टॅक्स. त्याच्याच एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटवर ब्लॉक मायनस 3,35,600 दाखवतोय, हे काय असतं देव जाणे. भाचा सीएची आर्टिकलशिप करतो, तो म्हणतो मामा तुझी बाकीची मशिनं आहेत ना मग ब्लॉक जिवंत आहे, नफाच नाही. तीन आकडे, तीन तोंडं. रिटर्नची मुदत 15 सप्टेंबर 2025 पर्यंत वाढवली म्हणून निवांत होतो पण आता झोप उडालीय. खरं काय?

परळचा_अण्णा

ब्लॉक विकला असशील तर घाबरू नको. आम्ही 2019 ला लालबागचा ब्लॉक विकला तेव्हा पैसे सहा महिन्यांच्या आत बाँडमध्ये टाकले, एक पैसा टॅक्स लागला नाही. ब्लॉक किती स्क्वेअर फुटांचा होता?

लोकलप्रवासी

अण्णा 😄 तो राहायचा ब्लॉक नाही हो, मशिनांचा ब्लॉक. मी पण आधी रविवारचा मेगाब्लॉक समजलो होतो.

आर्टिकल_पोरगा

भाच्याचं बरोबर आहे. ब्लॉकमध्ये एक जरी अ‍ॅसेट शिल्लक असेल तर कॅपिटल गेन येतच नाही, विक्रीची रक्कम फक्त ब्लॉकमधून वजा करायची. गेन कधी, तर सगळी मशिनं विकून ब्लॉक रिकामा झाला तर. आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलंय. दादा टेन्शन घेऊ नका.

हिशोबी

अर्धं बरोबर, अर्धं धोक्याचं. मी तीस वर्षं फोर्टात एका ऑफिसमध्ये हीच घसाऱ्याची शेड्युलं भरली, आता रिटायर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाळेवाले दादा, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की इन्कमटॅक्सला तुमचं व्हीएमसी दिसतं. नाही दिसत. एकदा मशीन ब्लॉकमध्ये गेलं की ते तांदळाच्या पोत्यात ओतलेल्या शेरभर तांदळासारखं, कुठला दाणा कुठला ते विचारायचं नाही. त्यामुळे टॅलीतले 3,50,000 आणि त्यावरचा 5,70,000 नफा हा तुमच्या वह्यांपुरता ठीक आहे, टॅक्सच्या कागदावर त्याला काही अर्थ नाही.

आता पोत्याचा हिशोब. सुरुवातीला 6,40,000, वर्षात घेतलेलं 1,10,000, झाले 7,50,000. यातून विक्रीचे 9,20,000 काढायचे. पोत्यात साडेसातच आहेत, तर त्याहून जास्त निघणार कसे? म्हणून ब्लॉक शून्यावर थांबतो. मायनस ब्लॉक ही चीज कायद्यात नाही, तुमच्या अकाउंटंटच्या एक्सेलमध्येच आहे. आणि जे वर उरतं ते कलम 50 खाली शॉर्ट टर्म कॅपिटल गेन. तीन लेथ-ग्राइंडर गाळ्यात धडधडत असले तरीही.

कलम 50 मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरगा त्या एकत्र करतोय. एक, विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त झाली तर गेन, मशिनं शिल्लक असोत वा नसोत. दोन, सगळी मशिनं गेली आणि ब्लॉकमध्ये रक्कम उरली तर ती शॉर्ट टर्म लॉस. ‘एक तरी अ‍ॅसेट शिल्लक असेल तर नाही’ ही अट या दुसऱ्याला लागते.

आर्टिकल_पोरगा

ओके सर, म्हणजे मी लॉसचा नियम गेनला लावला. पण मग उरलेल्या मशिनांवर घसारा तर मिळेल ना? ती तर वापरात आहेत.

हिशोबी

कशावर देणार बाबा? घसारा मशिनांवर नसतो, ब्लॉकच्या उरलेल्या रकमेवर असतो. रक्कम शून्य, 15 टक्के कशाचे काढणार. जूनमध्ये घेतलेला कॉम्प्रेसर पण त्यातच बुडाला. व्हीएमसी विकलं नसतं तर 7,50,000 वर 1,12,500 घसारा मिळाला असता, तो गेलाच, वर गेन आला. पुढच्या 1 एप्रिललाही ओपनिंग शून्य. जुनी मशिनं मरेपर्यंत बिनघसाऱ्याची चालवायची, नवीन काही घेतलं तरच ब्लॉकमध्ये परत जीव येतो.

गाळेवाला

बाप रे. म्हणजे गेन 1,70,000? 9,20,000 वजा 7,50,000? आणि हा मायनस 3,35,600 मग कुठून आला?

कांचन_डोंबिवली

मी प्रॅक्टिस करते म्हणून मधे पडते. 3,35,600 कुठून आला ते सोपं आहे दादा, त्याने 10,85,600 मधून 7,50,000 वजा केले, म्हणजे जीएसटीसकट बिलाची रक्कम घेतली. त्यातला 1,65,600 जीएसटी तुमचा नाहीच, तुम्ही तो गोळा करून सरकारला भरलात. विक्रीची रक्कम 9,20,000 च धरायची. ही चूक मी दर सीझनला दोन-तीन ठिकाणी तरी बघते, कारण टॅलीतून पार्टीच्या लेजरचा आकडा उचलतात, बिल उघडून कोण बघत नाही. ओळखायची खूण हीच, विक्रीचा आकडा 1.18 ने भागला आणि गोल रक्कम आली की समजायचं जीएसटी आत राहिलाय.

आणि गेन 1,70,000 नाही. दलाली आणि क्रेन-हमालीचे 35,000 वजा होतात, कलम 50 मध्ये विक्रीसाठी झालेला खर्च मिळतो. म्हणजे 1,35,000. फक्त दलालाची पावती आणि क्रेनवाल्याचं बिल आहे ना? शटरचे पैसे वहीत ‘किरकोळ’ मध्ये टाकले असतील तर बाहेर काढा, नाहीतर एकदा खर्चात आणि एकदा इथे असं दोनदा लागेल.

गाळेवाला

क्रेनचं बिल आहे. दलालाला बँकेतून दिलेत. शटरवाल्याचं नाही पण ते अडीच हजारच आहेत, बाकीचे साडेबारा क्रेन-हमालीचे.

वसईकर_टूलरूम

माझी गोष्ट वेगळी पण सांगतोच. मला हे सगळं माहीत होतं म्हणून मी त्याच वर्षी नवीन मशीन बुक केलं की ब्लॉक वर येईल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 40 टक्के अ‍ॅडव्हान्स दिला, पार्टीने पावती दिली, मी खूश. मशीन तयारच झालं मे महिन्यात. सीए म्हणाला अ‍ॅडव्हान्स म्हणजे मशीन नव्हे, बिलच नाही तर ब्लॉकमध्ये काय टाकू. भरला टॅक्स. तेव्हापासून मी मार्चमध्ये कोणाला अ‍ॅडव्हान्स देत नाही, मशीनच उचलतो.

परळचा_अण्णा

बरं मी चुकीचा ब्लॉक समजलो, माफी. पण बाँडचं काय? ते यालाही चालतील ना, गेन तर गेनच.

हिशोबी

अण्णा, प्रश्न चांगला विचारलात. पूर्वी यावर भांडण होतं. आपल्याच मुंबई हायकोर्टाने एस बिल्डर्सच्या केसमध्ये म्हटलं की कलम 50 चं ‘शॉर्ट टर्म’ हे फक्त हिशोब करण्यापुरतं, वस्तू खरंच जास्त वर्षं ठेवलेली असेल तर गुंतवणुकीची सूट अडवता येत नाही. पुढे डेम्पोच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं. पण असेसमेंट वर्ष 2019-20 पासून 54ईसीचे बाँड फक्त जमीन आणि इमारतीच्या गेनला उरले. त्यामुळे दादांनी मशीनऐवजी गाळा विकला असता तर बाँडचा विचार करता आला असता, व्हीएमसीला नाही.

लोकलप्रवासी

मग टॅक्स किती बसणार? शेअरच्या शॉर्ट टर्मसारखे 20 टक्के का?

कांचन_डोंबिवली

नाही, तो रेट शेअर आणि इक्विटी फंडाचा. हे 1,35,000 त्यांच्या बाकी उत्पन्नात मिळून स्लॅबने. बाय द वे दादा, शेअरमध्ये गेल्या काही वर्षांचा शॉर्ट टर्म लॉस पुढे ओढलेला असेल तर यातून वजा होतो, लोक हे विसरतात कारण त्यांना वाटतं मशीन वेगळं आणि शेअर वेगळे.

गाळेवाला

शेअर घेतले असते तर गाळ्यात तेलात हात कशाला घातले असते ताई 😅

हिशोबी

स्लॅबवर एक टीप. मुंबई ट्रायब्युनलच्या स्पेशल बेंचने 2024 मध्ये बहुमताने म्हटलंय की हिशोब कलम 50 ने शॉर्ट टर्म झाला तरी वस्तू खरोखर लाँग टर्म असेल तर रेट लाँग टर्मचा लावा. व्हीएमसी सात वर्षं वापरलंय, विक्री 23 जुलै 2024 नंतरची, म्हणजे 12.5 टक्के म्हणता येईल.

कांचन_डोंबिवली

म्हणता येईल हो, पण रिटर्नमध्ये बसवणार कसं? `Schedule DPM` मधला गेन `Schedule DCG` मधून शॉर्ट टर्ममध्येच जातो. लाँग टर्ममध्ये नेला की नोटिशीला आमंत्रण, आणि डिपार्टमेंट ते निमूट मान्य करेल असं मला नाही वाटत. 1,35,000 वर फरक पडून पडून दहा-पंचवीस हजारांचा, अपिलात वकिलाची फी त्याहून जास्त. कोटीचा गेन असता तर मीच लढले असते.

हिशोबी

तुमचं प्रॅक्टिकल आहे, माझं तत्त्वाचं. दादांनी ठरवावं.

कांचन_डोंबिवली

त्यापेक्षा महत्त्वाचं सांगते. दादा, टॅलीत तो 5,70,000 नफा पी अँड एलला क्रेडिट केलाय का? केला असेल तर तो धंद्याच्या उत्पन्नात बसलाय. रिटर्न भरताना तो `Schedule BP` मधून बाहेर काढावा लागतो, कारण त्याच व्यवहारावर 1,35,000 चा गेन वेगळा येतोय. काढला नाही तर 7,05,000 वर टॅक्स भराल. आणि पोर्टल अडवणार नाही, तुम्ही जास्त भरताय म्हटल्यावर ते कशाला बोलेल.

गाळेवाला

केलाय क्रेडिट!! आत्ताच फोन केला त्याला, म्हणतो ‘हो हो ते मी बघणारच होतो’. बघणार होता म्हणे.

साधा_दुकानदार

माझं 44एडी आहे, म्हणजे विक्रीच्या सरळ 8 टक्के नफा दाखवतो, घसारा वगैरे काही धरत नाही. म्हणजे मी मशीन विकलं तर ब्लॉक मूळ किमतीलाच राहिलेला असेल ना? मग गेन येणारच नाही.

कांचन_डोंबिवली

नाही हो. 44एडी मध्ये घसारा दर वर्षी घेतला असंच धरतात, तुम्ही न लिहिता तो वजा होत असतो. तुमचा ब्लॉक कागदावर कोणी लिहिला नसेल तर घेतल्या वर्षापासून 15-15 टक्क्यांनी उतरवत या. आणि असा गेन आला की आयटीआर-4 चालत नाही, 3 भरावा लागतो.

साधा_दुकानदार

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वेगळा धागा काढतो.

गाळेवाला

मंडळी अजून एक गोष्ट सांगायची राहिली, वसईकरांचं वाचून आठवली. मी पण मार्चमध्ये टॅपिंग मशीन घेतलंय, राजकोटहून. 1,85,000 प्लस जीएसटी. बिल 29 मार्चचं आहे, पूर्ण पैसे 28 ला आरटीजीएस केलेले. पण गाडी माझ्या गाळ्यावर लागली 2 एप्रिलला, ईदची सुट्टी, ट्रान्सपोर्टवाल्याचा भिवंडीचा डेपो, वगैरे. अकाउंटंटने ते नव्या वर्षात टाकलं. हे जुन्या वर्षात येऊ शकतं का?

हिशोबी

आता सांगताय! धाग्याच्या पहिल्या ओळीत पाहिजे होतं हे.

येऊ शकतं, आणि आलं तर चित्रच पालटतं. 7,50,000 अधिक 1,85,000 झाले 9,35,000, वजा 9,20,000, ब्लॉकमध्ये 15,000 उरले. गेन नाहीच. ब्लॉक वाढवायला मशीन वर्षात ‘घेतलेलं’ असलं पाहिजे एवढंच कायदा म्हणतो. चालू केलेलं असणं ही अट घसाऱ्याची. तुमचं टॅपिंग मशीन मार्चमध्ये चालू झालं नाही, म्हणून त्या 15,000 वर मी तरी यंदा घसारा मागणार नाही, पण ते 15,000 पुढच्या वर्षीचं ओपनिंग होतात.

एक मात्र, गेनच नसला की 35,000 च्या खर्चाला कलम 50 मध्ये जागा उरत नाही. ब्लॉकमधून पूर्ण 9,20,000 च जातात. तरी सौदा फायद्याचाच.

आर्टिकल_पोरगा

पण सर मशीन 31 मार्चला ट्रकमध्ये होतं. घेतलेलं कसं म्हणणार? वसईकरांनाही पैसे देऊन मिळालं नाही.

हिशोबी

वसईकरांचं मशीन 31 मार्चला बनलेलंच नव्हतं, जे नाही ते कसं घेणार. इथे मशीन तयार, बिल फाटलं, पैसे पूर्ण दिले, माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात. मालकी कधी बदलली हे ऑर्डरच्या अटींवर ठरतं. एक्स-वर्क्स राजकोट लिहिलेलं असेल, ट्रान्सपोर्ट तुम्ही ठरवलेला आणि भाडं तुम्ही दिलेलं असेल, तर राजकोटच्या गेटबाहेर गाडी पडली तेव्हाच मशीन तुमचं झालं. वाटेत गाडी पलटी झाली असती तर नुकसान कोणाचं, हा प्रश्न विचारा, उत्तर तिथेच आहे. उलट ‘साकीनाका पोहोच’ असा भाव असेल तर 2 एप्रिल.

कांचन_डोंबिवली

तत्त्व मान्य, पण मी एवढी निर्धास्त नाही. गेन बरोबर 1,35,000 चा होता आणि बरोबर 29 मार्चचं बिल येऊन तो पुसला गेला, हे असेसमेंटवाल्याच्या नजरेत येतंच. मला चार कागद दिसल्याशिवाय मी हे जुन्या वर्षात टाकणार नाही: ऑर्डर, ई-वे बिल, एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टरची माल घेतल्याची पावती, आणि ट्रान्झिट विमा कोणाच्या नावाने ते. एलआरची तारीख एप्रिलची निघाली तर विषय तिथेच संपला, बिलावर काहीही तारीख असो. आणि 31 मार्चच्या बॅलन्सशीटमध्ये ते मशीन ‘ट्रान्झिटमध्ये’ म्हणून दिसायला हवं, वह्यात एप्रिल आणि रिटर्नमध्ये मार्च असं चालणार नाही.

आर्टिकल_पोरगा

जीएसटीचं क्रेडिट तर एप्रिलच्या रिटर्नमध्ये घेतलं असणार ना? मग तेच विरुद्ध पुरावा झाला.

कांचन_डोंबिवली

हे मात्र तू बरोबर पकडलंस, पण ते विरुद्ध जात नाही. जीएसटीत क्रेडिट माल हातात आल्यावरच मिळतं, त्यामुळे एप्रिलमध्ये घेतलं ते नियमानेच. मालकी कधीची हा वेगळा प्रश्न. कोणी विचारलं तर हेच उत्तर द्यायचं.

गाळेवाला

कागद शोधले. ऑर्डर माझ्याच लेटरहेडवर आहे, त्यात ‘भाव एक्स-वर्क्स, ट्रान्सपोर्ट तुमच्याकडे’ असं पार्टीने हाताने लिहून सही केलीय. भाडं मीच भिवंडीत रोख दिलं. ई-वे बिल 31 मार्चचं आहे. विमा काढलाच नव्हता. एलआरची माझी कॉपी तेलाने अशी माखलीय की तारखेत 31 आहे का 01 ते भिंग लावूनही कळेना.

हिशोबी

ट्रान्सपोर्टरकडे त्यांची कॉपी असते, एलआर नंबर दिसत असेल तर मागवा.

वसईकर_टूलरूम

भिवंडीच्या डेपोत जाताना दुपारी दोन ते चार जाऊ नका, कोणी भेटत नाही.

गाळेवाला

नंबर दिसतोय. उद्या सकाळीच निघतो, तारीख कळली की इथेच लिहितो.